मुंबईला समुद्र आहे, मग पाणी आमच्या इगतपुरीतून का?

गोदाकाठ
परवा आमच्याकडे गंगापूर रोडला दिवसभर पाणी नव्हतं. संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर नेहमीचा विषय निघाला. खाली जायकवाडीला पाणी सोडा म्हणतात, आणि वर इगतपुरी तालुक्यातलं अप्पर वैतरणा तर मुंबईच पिते. आपण मधल्या मध्ये कोरडे.

मग आमच्या एका ज्येष्ठांनी विचारलं, मुंबईच्या तीन बाजूंना समुद्र आहे, त्याचं पाणी गोडं करायला काय होतं? घरोघरी आरओ बसलेत, मग एक मोठा आरओ समुद्रावर बसवा की. मनोरीला 200 एमएलडीचा, म्हणजे रोज 20 कोटी लिटरचा प्रकल्प करणार, पुढे तो 400 पर्यंत वाढवणार, हे मी वाचलं आहे. पण ‘खर्च फार येतो’ याच्यापुढे कोणी काही सांगत नाही. खर्च नक्की कुठे होतो? पाणी तर फुकट आहे!

इथे रसायन कारखान्यात, बोटीवर, आखातात काम केलेली मंडळी आहेत, म्हणून धागा काढला. राजकारण नको, हिशोब हवा.

कसारा_लोकल
राजकारण नको म्हणून पहिल्याच परिच्छेदात जायकवाडी. ह. घ्या.

द्राक्षबाग
फुकट पाणी, फुकट ऊन. मिठागरात काय होतं? पाणी उडून जातं, मीठ राहतं. ते उडालेलं पाणी वर काच लावून धरायचं. आमच्या पिंपळगावला बेदाण्याच्या शेडमध्ये कागदाखाली सकाळी पाणी टपकतं, ते गोडंच असतं. वीज कशाला हवी?

खारे_वारे
नमस्कार. मी मूळचा सिडकोतला. बारा-तेरा वर्षं समुद्राच्या पाण्याचे आरओ प्लांट सुरू करून देण्याचंच काम करतोय, सध्या चेन्नईत आहे. घाईत आहे, सविस्तर रात्री लिहितो.

तोवर द्राक्षबाग भाऊंसाठी हिशोब. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.63 युनिट उष्णता लागते. आपल्याकडे चांगल्या दिवशी एका चौरस मीटरवर पाच-सहा युनिट ऊन पडतं. काचेतून परत जाणारं, हवेत निसटणारं वजा केलं की चौरस मीटरमागे दिवसाला तीन-चार लिटर हाती लागतात. चार धरू. 200 एमएलडी म्हणजे 20 कोटी लिटर, त्याला 50 चौरस किलोमीटर काच लागेल. नाशिक महापालिकेची हद्द 260 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे सातपूर, सिडको, पंचवटी काचेखाली झाकायचं, आणि एवढी जागा मुंबईत समुद्राकाठी शोधायची. ऊन फुकट आहे, जमीन नाही.

कसारा_लोकल
सिडको झाकायला माझी हरकत नाही.

स्वाती_पाथर्डीफाटा
बरं झालं हा धागा निघाला. आमच्या आरओचं पाणी महिन्याभरात खूप कमी झालंय. बोअरचं पाणी आहे, टीडीएस 900. मेकॅनिक आला, उघडून न बघताच ‘मेम्ब्रेन गेला, साडेतीन हजार’ म्हणाला. मेम्ब्रेन बदलून आठच महिने झालेत. खरंच जातो का एवढ्यात?

गोदाकाठ
ताई, हा समुद्राच्या आरओचा धागा आहे. :)

स्वाती_पाथर्डीफाटा
आरओच ना? मग सांगा की कोणीतरी.

टीडीएसमास्तर
माझं पाणी तपासायचं दुकान आहे म्हणून सांगतो. घरचा आरओ आणि समुद्रावरचा आरओ तत्त्वाने एकच. मेम्ब्रेन म्हणजे अतिशय बारीक चाळणी. भोकं एवढी बारीक, की पाणी जातं आणि मीठ अडतं. दाब द्यायला पंप. खर्चाचं खरं कारण म्हणजे पाण्याची नासाडी. घरी एक लिटरमागे तीन लिटर मोरीत जातं, तसंच तिथेही निम्म्याहून जास्त परत समुद्रात जातं.

स्वातीताई, आधी कँडल बघा.

निफाडकर
मी तीस वर्षं साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरवर काढली. आरओतलं मला कळत नाही, पण वाफेचं कळतं. ऊन सोडा आणि बॉयलर धरा, तरी हिशोब मोठाच आहे. हजार लिटरची नुसती वाफ करायला 627 युनिट. घरगुती सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिट असतात. म्हणजे साडेतीन सिलिंडर, तेही कणभर उष्णता वाया न घालवता. असं पाणी मुंबईला कोण पाजणार?

पण कोणताही शहाणा माणूस वाफ एकदाच वापरत नाही. आमच्याकडे रसात 100 ला 85 भाग पाणी असतं. ते उडवायला आम्ही चार बॉड्या, म्हणजे रस उकळायची बंद भांडी, ओळीने लावतो. बॉयलरकडची वाफ फक्त पहिल्या बॉडीला. तिथल्या रसातून जी वाफ निघते ती दुसऱ्या बॉडीला तापवते, दुसरीची तिसरीला, तिसरीची चौथीला. आता तुम्ही विचाराल, आधीच्या बॉडीची थंड झालेली वाफ पुढचा रस कसा उकळवेल? तर पुढच्या बॉडीत दाब कमी ठेवलेला असतो. चौथ्या बॉडीला एवढा व्हॅक्यूम असतो, की रस 55-60 अंशांतच खदखदतो. काचेतून बघितलं तर उकळी जोरात, आणि बॉडीला हात लावला तर चटका नाही. नवीन पोरांना हे दाखवायला मला फार आवडायचं.

समुद्राच्या पाण्याचं ऊर्ध्वपातन करतात ते हेच. रसाऐवजी खारं पाणी, आणि आम्ही फेकतो ते गरम पाणी हाच त्यांचा माल. चारऐवजी आठ-दहा बॉड्या लावल्या, की एक किलो वाफेत आठ-नऊ किलो पाणी निघतं. मग 627 चे 70 युनिट होतात.

खारे_वारे
निफाडकर काका, एवढं सोपं करून मला साहेबांनाही सांगता आलं नव्हतं. आखातात एक वेगळी जातही आहे. तिथे पाणी 90 ते 110 अंशांपर्यंत तापवून एकामागून एक कमी दाबाच्या खोल्यांत सोडतात, प्रत्येक खोलीत थोडं पाणी झटकन वाफ होतं. तुमच्या बॉड्यांच्या जातीत मात्र 65-70 च्या वर जात नाहीत. का, ते तुम्हीच सांगा.

निफाडकर
स्केल! दुसरं काय असणार?

मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम सल्फेट उलटं, तापलं की बाहेर पडतं. आणि पडतं कुठे? तर सगळ्यात गरम जागी, म्हणजे नळीच्या भिंतीवरच. नखाएवढा थर बसला की वाफ तीच आणि काम निम्मं. कळायचं कसं? पहिल्या बॉडीचा दाब चढायला लागतो आणि शेवटचा रस पातळ यायला लागतो. मग कारखाना थांबवा, कॉस्टिक उकळवा, नळ्या घासा. समुद्राच्या पाण्यात तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही भरपूर.

एक_युनिट_कमी
मी एकलहऱ्याजवळ राहतो, वडील तिथेच होते. वीज केंद्रातून एवढी वाफ नुसती थंड करून टाकतात. समुद्राकाठच्या केंद्रांची ही वाया जाणारी वाफ निफाडकर काकांच्या बॉड्यांना दिली की पाणी फुकट! हे कोणाला सुचत कसं नाही?

खारे_वारे
सुचलंय, आणि आखातात वर्षानुवर्षं चाललंय. जामनगरच्या रिफायनरीतही आहे. पण ती वाफ ‘वाया जाणारी’ नसते. टर्बाइनमधून कंडेन्सरला जाणारी वाफ पिळून पिळून 40-45 अंशांवर आणलेली असते. तिच्यावर आठ-दहा बॉड्या चालत नाहीत, पहिल्या बॉडीला सत्तरच्या आसपास लागते. म्हणून टर्बाइनमधून थोडी आधीच काढून घ्यावी लागते. जेवढी काढाल तेवढी वीज कमी होईल. आखातात गॅस स्वस्त होता, वीज-पाणी एकाच आवारात होतं आणि समुद्र जास्त खारट, गढूळ. तिथे ते खपलं. आता तिथेही नवे प्लांट बहुतेक आरओचेच येतात.

रिफायनरीत मात्र खरोखर फुकट गेलेली उष्णता मिळते. तिथे एक_युनिट_कमी यांचं म्हणणं बरोबर आहे.

खारे_वारे
आता रात्र झाली, निवांत लिहितो. टीडीएसमास्तरांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यात खरी गंमत आहे.

आधी चाळणी. मेम्ब्रेनला आरपार भोकं नसतात. पॉलिअमाइडचा एक थर असतो, मिलिमीटरच्या पाच-दहा हजाराव्या भागाएवढा पातळ. पाणी त्यात विरघळतं आणि झिरपून पलीकडे निघतं. मीठही थोडं विरघळतं, पण फारच कमी. दोघांचा वेग वेगळा आहे, एवढ्यावर सगळा धंदा उभा आहे. म्हणून आमच्या पाण्यातही शेवटी 300-400 टीडीएस उरतोच. चाळणी असती तर शून्य आला असता.

आता नासाडी. समुद्राचं पाणी समुद्रात परत गेलं तर कोणाचं काय गेलं? पाणी वाया जात नाही. वाया जातो तो त्याला दिलेला दाब. खर्चाचं कोडं इथे आहे.

एका बाजूला खारं आणि दुसऱ्या बाजूला गोडं पाणी असेल तर पाणी आपणहून गोड्याकडून खाऱ्याकडे धावतं. त्याला उलट ढकलायचं तर आधी ती ओढ मोडावी लागते. हजार टीडीएसमागे ढोबळ पाऊण बार धरा. स्वातीताईंच्या बोअरची ओढ एक बारही नाही, म्हणून ओट्यावरचा छोटा पंप पुरतो. समुद्रात 35 हजार टीडीएस, म्हणून ओढ 27 बारच्या आसपास. पण 27 वर सुटका नाही. पाणी जसजसं पलीकडे जातं तसं अलीकडे उरलेलं आणखी खारट होतं. शंभर लिटरमधून 40 काढले की उरलेल्या 60 मध्ये सगळं मीठ गोळा झालेलं असतं, आणि तिथली ओढ 45 च्या पुढे गेलेली असते. ती ओलांडून वर थोडा जोर हवा. म्हणून आम्ही 60 बार लावतो. शंभरातून 60-70 काढायचे म्हटलं तर दाब इतका चढतो की नळ्या आणि मेम्ब्रेन दोन्ही तोंड फिरवतात.

60 बार म्हणजे किती? दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक बार. 60 बार म्हणजे 600 मीटर उंची. आपलं नाशिक समुद्रापासून किती उंच आहे? जवळजवळ तेवढंच!

म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढणं आणि ते पाणी कसारा घाट चढवून नाशिकला आणणं, पंपाच्या दृष्टीने काम एकच. तेही कसं? अडीच हंडे घाट चढवायचे, एक ठेवून घ्यायचा आणि दीड खाली ढकलून द्यायचे.

कसारा_लोकल
माझ्या नावाचा असा सन्मान आजवर कोणी केला नव्हता. तो दीड हंडा बँकरशिवाय खाली जातो का? (आपल्या घाटात गाडीला मागून इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात.)

खारे_वारे
तुम्ही गमतीत विचारलंत, पण प्रश्न नेमका आहे. खाली जाणारा हंडा नुसता सोडून दिला तर हजार लिटर गोड्या पाण्यामागे फक्त दाबालाच पाच युनिट वीज जाते. पूर्वी तेवढी जायचीच.

आता त्या दीड हंड्याचा दोर वर येणाऱ्या दीड हंड्याला बांधतात, रहाटासारखा. प्रत्यक्षात तो सिरॅमिकचा एक रोटर असतो, त्याला लांब आरपार भोकं. एका टोकाने दाबातलं खारट पाणी शिरतं, दुसऱ्या टोकाने ताजं समुद्राचं पाणी. भोकात दोन्ही एकमेकांना भिडतात, दाब इकडून तिकडे जातो, आणि मिसळायच्या आत रोटर फिरून भोक पुढे गेलेलं असतं. शेकडा 95 च्या वर दाब परत मिळतो. मग मोठ्या पंपाला फक्त ठेवून घेतलेला एक हंडाच चढवावा लागतो. पाचाचे सव्वादोन युनिट होतात. समुद्रातून पाणी ओढणं, गाळणं, शहराकडे ढकलणं याचे मिळून आणखी एक-सव्वा. सगळे मिळून साडेतीनच्या आसपास.

याहून फार खाली जाता येत नाही. शंभरातून पन्नास काढायचे असतील तर निसर्गाचाच किमान भाव एक युनिटच्या जरा वर आहे. पंप कितीही चांगला आणा, त्याच्या खाली कोणी नेऊ शकत नाही.

टीडीएसमास्तर
भोकं नाहीत हे मला नवीन आहे. दुकानातल्या तक्त्यावर चाळणीचं चित्र आहे! पण मग घरच्या आरओत हा रोटर का नाही?

खारे_वारे
पाच बारच्या दाबातून परत मिळणार काय? रोटरची किंमत निघायला जन्म जाईल. घरी दाब स्वस्त आणि पाणी मोलाचं. समुद्रावर पाणी फुकट आणि दाब मोलाचा. दोन्ही आरओ, पण हिशोब उलटे.

जमाखर्च
साडेतीन युनिट ऐकून मला तर स्वस्तच वाटलं. मी ऑडिटवाला आहे, म्हणून पेन घेतलं. चुकलं तर दुरुस्त करा.

वीज 8 रुपये युनिट धरली तर हजार लिटरला 28 रुपये. आता भांडवल. चेन्नईला नेम्मेलीचा 150 एमएलडीचा दुसरा प्लांट 2024 मध्ये सुरू झाला, खर्च सुमारे 1500 कोटी. 8 टक्के व्याज आणि 25 वर्षं धरली तर वर्षाचा हप्ता 140 कोटी. रोज पूर्ण क्षमतेने चालला तर वर्षाला साडेपाच कोटी हजार-लिटर. म्हणजे प्रत्येकी साडेपंचवीस रुपये. मेम्ब्रेन, रसायनं, माणसं यांचे आठ-नऊ मी अंदाजाने धरतो. बेरीज साठच्या वर. लिटरला सहा पैसे.

सहा पैसे महाग की स्वस्त? दहा हजार लिटरचा टँकर दोन हजाराला घेतलात तर लिटरला वीस पैसे. वीस लिटरचा जार चाळीसला, तर दोन रुपये. यांच्यापुढे समुद्र स्वस्त. पण धरणाचं पाणी तानसा-वैतरणाहून उताराने आपसूक मुंबईत पोचतं, त्याच्यापुढे महाग. नुसतं ‘महाग’ म्हणून चालत नाही, कशापुढे ते सांगायला हवं.

आणि खरी मेख हप्त्यात आहे. प्लांट अर्धाच चालवला तर 25 चे 51 होतात. मेलबर्नच्या लोकांना विचारा. मोठा दुष्काळ पडला म्हणून प्लांट बांधायला घेतला, डिसेंबर 2012 ला पूर्ण झाला, तोवर पाऊस येऊन धरणं भरलेली. पाण्याची पहिली मागणी 2016 मध्ये नोंदवली. मधल्या काळात पाणी शून्य आणि ठरलेला हप्ता चालू. पाऊस चांगला झाला की डोळ्यात पाणी येतं असा हा एकमेव धंदा.

द्राक्षबाग
पाऊस चांगला झाला की आमच्याही डोळ्यात पाणी येतं, एप्रिलमध्ये पडला तर.

एक शंका. ते उरलेलं मीठ विका की! खर्च तिथेच निघेल.

खारे_वारे
200 एमएलडीला समुद्रातून रोज 500 एमएलडी घ्यावं लागतं. त्यात 17 हजार 500 टन मीठ. दहा टनी ट्रक धरले तर रोज पावणेदोन हजार ट्रक. आणि ते कोरडं नसतं, 300 एमएलडी पाण्यात विरघळलेलं असतं. ते पाणी उडवायचं तर आपण परत निफाडकर काकांच्या बॉड्यांपाशी. म्हणून खोल समुद्रात लांब नळी टाकून तोंडाशी फवारे लावून पसरवतात. एकाच जागी सोडलं तर जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि तिथले मासे-शिंपले मरतात. ती नळी, आत पाणी घेणारी नळी, दोन्हींसाठी समुद्रात काम करावं लागतं. भांडवलाचा चांगला मोठा घास तिथे जातो.

शिवाजीनगर_चेन्नईव्हाया
खारे_वारे, 2019 च्या उन्हाळ्यात मी चेन्नईत होते. तलाव आटले, जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणलं. आपल्याकडे 2016 ला मिरजेहून लातूरला आणलं तसंच. तेव्हा समुद्राचे दोन प्लांट चालू होते, 100-100 एमएलडीचे. आमच्या भागात जे थोडं पाणी यायचं ते त्यांचंच, असं सगळे म्हणायचे. त्या वेळी कोणी लिटरचे पैसे मोजले नाहीत. जमाखर्च यांचा कागद पावसाळ्यात बरोबर असतो, जूनमध्ये नाही.

जमाखर्च
मान्य आहे. पण विम्याचा हप्ता कोण भरणार ते आधी ठरवा, एवढंच म्हणणं.

गोदाकाठ
बरंच कळलं. एक राहिलं. कागदावर साडेतीन युनिट, पण चालवताना काय बिघडतं? मनोरी खाडीचं पावसाळ्यातलं पाणी मी पाहिलंय, चहासारखं असतं.

खारे_वारे
चहाच. आणि मेम्ब्रेनला चहा चालत नाही. गाळ अडवायच्या टप्प्यांना जेवढी जागा लागते तेवढी मेम्ब्रेननाही लागत नाही. मेम्ब्रेनपाशी जाणारं पाणी कसं आहे ते रोज एका बारीक गाळण कागदावर तपासतो. पाणी ठरलेल्या दाबाने कागदातून सोडायचं, अर्धा लिटर भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं, पंधरा मिनिटं तसंच वाहू द्यायचं आणि परत अर्धा लिटर मोजायचं. दुसऱ्यांदा जितका जास्त वेळ, तितका गाळ. पण खरं सांगू, घड्याळाआधी कागदच सांगतो. पांढऱ्याचा साईसारखा पिवळट झाला तर ठीक, खाकी झाला तर त्या दिवशी मेम्ब्रेनकडे पाणी सोडायचं नाही.

एका प्लांटवरची गोष्ट, नाव नको. समुद्राच्या नळीत शिंपले वाढू नयेत म्हणून क्लोरीन मारतात. पण पॉलिअमाइडला क्लोरीन म्हणजे विष, म्हणून मेम्ब्रेनच्या आधी सोडियम बायसल्फाइट टाकून तो मारावा लागतो. एका रात्री बायसल्फाइटच्या पंपात हवा धरली. पंप आवाज करत होता, दांडा हलत होता, थेंबही जात नव्हता. क्लोरीन पकडणारं मीटर सारखं वाजतं म्हणून आदल्या आठवड्यात कोणीतरी बायपास केलं होतं. सकाळी आलो तर ऑपरेटर खूश. म्हणाला, ‘सर, रात्रीत फ्लो वाढला.’ माझ्या पोटात गोळा आला.

गाळ बसला तर फ्लो घटतो, आणि नळीच्या दोन टोकांच्या दाबातला फरक वाढतो. ते धुऊन निघतं. पण फ्लो वाढला आणि त्याचबरोबर पाण्याचा खारटपणाही वाढला, तर समजायचं की थरच जळाला. गोड्या पाण्याचं मीटर बघितलं, रोज 500 च्या आसपास असायचं ते 1100 दाखवत होतं. ते मेम्ब्रेन परत येत नाहीत. 200 एमएलडीच्या प्लांटमध्ये असे सोळा हजारांच्या घरात मेम्ब्रेन असतात. आमचा फार लहान होता, म्हणून नोकरी राहिली.

निफाडकर
आमच्याकडे स्केल बसलं तर पोरं हातोडी घेऊन घासायची. तुमच्या आरओला हातोडीही चालत नाही. वाफेचं भांडं खातं फार, पण काहीही पचवतं. आरओ खातो कमी आणि नखरे फार.

एक_युनिट_कमी
म्हणजे समुद्र घाण असेल तिथे बॉड्याच बऱ्या?

खारे_वारे
2008-09 ला आखातात समुद्रावर लाल शेवाळ पसरलं, तेव्हा आरओचे प्लांट बंद ठेवावे लागले होते. वाफेवाले पुष्कळ तग धरून राहिले. पण 70 युनिट उष्णता रोज कोण देणार? यावर माझं आणि आमच्या जुन्या साहेबांचं अजून पटत नाही. ते म्हणतात, खाडीच्या तोंडावर वाफच बरी. मी म्हणतो, गाळण्यावर पैसे घाला.

गोदाकाठ
मूळ प्रश्नाकडे येतो. मी शेवटचा हिशोब केला. मुंबईला रोज 3850 एमएलडीच्या आसपास पाणी जातं. सगळं समुद्रातून करायचं तर साडेतीन युनिटने दिवसाला सुमारे 1 कोटी 35 लाख युनिट. म्हणजे 560 मेगावॉट, रात्रंदिवस. एकलहऱ्याचे तिन्ही संच मिळून 630 मेगावॉट. आख्खं एकलहरे पूर्ण ताकदीने मुंबईच्या पाण्याला जुंपायचं.

सगळं नको. अप्पर वैतरणाएवढं तरी त्यांनी समुद्रातून काढावं आणि ते पाणी गोदावरीकडे वळवावं. कसाऱ्याच्या खाली गेलेलं परत चढवायला तेवढेच 600 मीटर लागतात, पण वैतरणा तर घाटाच्या वरच आहे. वळवायच्या योजना कागदावर आहेतच.

जमाखर्च
आणि हजार लिटरचे साठ रुपये नाशिककर देणार का? मुंबईकर का देतील, त्यांना तेच पाणी उताराने येतंय.

गोदाकाठ
उतार आमच्या तालुक्यातला आहे, त्याचं भाडं?

जमाखर्च
उताराचं भाडं कोणत्या खात्यात टाकू ते सांगा.

शिवाजीनगर_चेन्नईव्हाया
आणि वळवलेलं पाणी नाशिकला थांबणार की थेट जायकवाडीला?

कसारा_लोकल
झालं, पहिला परिच्छेद परत आला.

स्वाती_पाथर्डीफाटा
माझं कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. काल आम्ही दोघांनीच आरओ उघडला. पहिली कँडल काढली तर पांढरी कँडल पार खाकी, खारे_वारेंच्या कागदासारखी! 180 रुपयांची नवीन बसवली. धार पूर्ववत, आणि टीडीएस 60, पूर्वी होता तेवढाच. म्हणजे फ्लो घटला होता पण पाणी खारट झालं नव्हतं, तेव्हा थर जळालेला नव्हता. बरोबर ना?

खारे_वारे
शंभर टक्के, ताई. आमच्याकडे जागा निघाली तर कळवतो.

टीडीएसमास्तर
कँडल मी आधीच म्हणालो होतो, कोणी श्रेय देत नाही.